विस्तारित निबंधात परीक्षक काय शोधतो? गिरणी संपावरच्या एका निबंधाच्या आधारे

आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट डिप्लोमाच्या दोन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः निवडलेल्या विषयावर जास्तीत जास्त ४००० शब्दांचा एक संशोधनपर निबंध लिहावा लागतो. त्याचे अधिकृत नाव 'एक्स्टेंडेड एसे', पण शाळांमध्ये त्याला 'ईई' असेच म्हणतात. विद्यार्थ्याने त्यासाठी साधारण ४० तास द्यावेत आणि मार्गदर्शक शिक्षकाने त्याला तीन ते पाच तास द्यावेत, अशी अपेक्षा असते. निबंध शाळेतले शिक्षक तपासत नाहीत. तो शाळेबाहेरच्या परीक्षकाकडे जातो. या निबंधाला 'ई' ही सर्वांत खालची श्रेणी मिळाली, तर बाकी विषयांत उत्तम गुण असूनही डिप्लोमा मिळत नाही. त्यामुळे पालकांच्या मनात त्याची धास्ती असते, आणि त्या धास्तीपोटी निबंधाच्या भाषेवर, मांडणीवर, संदर्भसूचीवर बरीच मेहनत घेतली जाते. गुण मात्र पुष्कळदा दुसरीकडेच जातात.

२०१८ च्या परीक्षेपासून हा निबंध ३४ गुणांवर तपासला जातो. त्यांतले १२ गुण चिकित्सक विचाराला, ६ विषयाच्या जाणकारीला आणि ४ मांडणीला आहेत. उरलेल्या १२ पैकी ६ गुण 'फोकस आणि पद्धत' या निकषाला आहेत, तर ६ 'एंगेजमेंट' म्हणजे विद्यार्थ्याच्या वैयक्तिक गुंतवणुकीला. या लेखात या शेवटच्या दोन निकषांचाच विचार केला आहे, कारण त्यांच्याविषयी गैरसमज सर्वाधिक आहेत आणि चिकित्सेच्या १२ गुणांचे भवितव्यही बव्हंशी त्यांच्यावरच ठरते.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागेल. परीक्षकाने विद्यार्थ्याला कधी पाहिलेले नसते. मुलगी किती रात्री जागली, तिने किती पुस्तके चाळली, तिला विषयाची किती ओढ होती, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या हाती दोनच कागद असतात: एक निबंध, आणि दुसरा 'आरपीपीएफ' नावाचा फॉर्म, ज्यात विद्यार्थ्याने संशोधनाच्या तीन टप्प्यांवर मिळून जास्तीत जास्त ५०० शब्दांत आपल्या कामाविषयी लिहिलेले असते. जे या दोन कागदांवर नाही, ते परीक्षकाच्या लेखी घडलेलेच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. उदाहरणातली विद्यार्थिनी कल्पित आहे, पण तिच्या अडचणी तशा नाहीत. इतिहासाच्या निबंधांत त्या वारंवार दिसतात. मुंबईतल्या एका शाळेतल्या या मुलीचे आजोबा परळच्या गिरणीत कामाला होते. तिला इतिहास या विषयात १९८२ च्या गिरणी संपावर लिहायचे आहे.

विषय अरुंद करण्याची प्रक्रिया

तिचा पहिला प्रश्न असा होता: '१९८२ च्या मुंबईतील गिरणी संपाची कारणे आणि परिणाम कोणते?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो ४००० शब्दांत मावणारा नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. त्याच्या कारणांत पगार आणि बोनस आहे, मान्यताप्राप्त संघटनेविषयीचा असंतोष आहे, कामगार कायदा आहे, जुनी यंत्रसामग्री आहे. परिणामांत तर गिरण्यांच्या जमिनींपासून शहराच्या राजकारणापर्यंत सगळेच येते. प्रत्येकाला तीनशे शब्द दिले तरी निबंध संपतो आणि हाती येतो तो विश्वकोशातल्या नोंदीसारखा आढावा. आढाव्यात युक्तिवाद करायला जागा नसते, म्हणून चिकित्सेचे गुणही तिथेच अडतात. असा प्रश्न परीक्षकाला पहिल्या वाचनातच ओळखू येतो: 'कारणे आणि परिणाम', 'भूमिका', 'महत्त्व' असे शब्द प्रश्नात असले आणि त्यांना कोणतीही मर्यादा घातलेली नसली, तर पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या प्रयत्नात तिने लिहिले: 'दत्ता सामंतांच्या नेतृत्वामुळे संप फसला का?' प्रश्न अरुंद झाला, पण त्यात दोन नवे दोष आले. एक तर त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेच सुचते. दुसरे म्हणजे एकच व्यक्ती समोर ठेवल्यामुळे निबंध त्या व्यक्तीची वकिली किंवा तिच्यावरचे आरोपपत्र होण्याची शक्यता वाढते. प्रश्न केवळ लहान असून भागत नाही. त्याला दोन बाजूंनी पुरावा मिळायला हवा आणि त्या पुराव्याचे वजन करता यायला हवे.

तिसरा प्रश्न वाचनातून आला. संपाच्या काळात मुंबईच्या गिरण्या बंद असूनही बाजारात कापडाचा मोठा तुटवडा का जाणवला नाही, हे शोधताना तिला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांचे उल्लेख सापडू लागले. कापड शहराबाहेर विणून घेण्याची सोय असल्यावर मालकांना तडजोडीची घाई कशाला असेल? त्यावरून तिने प्रश्न बांधला: '१९८२-८३ मध्ये मुंबईतील गिरणी संप फसण्यास शहराबाहेरील यंत्रमागांवर चालू राहिलेले उत्पादन कितपत कारणीभूत होते?'

या प्रश्नाला काळाची मर्यादा आहे, जागेची आहे, आणि एक विशिष्ट कारण तपासायचे ठरले आहे. 'कितपत' या शब्दामुळे इतर कारणांशी तुलना करणे भाग पडते, आणि तुलनेला समोर दमदार प्रतिस्पर्धी आहेत. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेकडे, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगार सामंतांच्या मागे असले तरी कायद्याच्या दृष्टीने सामंतांशी बोलणी करणे मालकांवर बंधनकारक नव्हते. सरकारही ती मान्यता काढून घ्यायला तयार झाले नाही. तेव्हा निर्णायक काय ठरले, मालकांकडचा पर्यायी माल की कायद्याने त्यांना दिलेली ढाल? इथे चार हजार शब्दांचा युक्तिवाद उभा राहू शकतो.

तरीही परीक्षक या प्रश्नावर दोन ठिकाणी बोट ठेवील. पहिले ठिकाण म्हणजे 'फसणे'. हा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. मग तो फसला असे कोणत्या कसोटीवर म्हणायचे? मागण्या मान्य न होता कामगार परतू लागले त्यावरून, गिरण्या कायमच्या बंद पडल्या त्यावरून, की मान्यतेचा प्रश्न सुटला नाही त्यावरून? प्रस्तावनेतच दोन वाक्यांत ही कसोटी ठरवून दिली नाही, तर पुढचा सगळा युक्तिवाद घसरत राहतो. दुसरे ठिकाण म्हणजे विषयाची नोंदणी. निबंध 'इतिहास' या विषयात नोंदवलेला आहे. यंत्रमागांच्या उत्पादनखर्चाचे आणि करसवलतींचे गणित मांडण्यातच तो रंगला, तर तो अर्थशास्त्राचा निबंध होतो. नोंदणी केलेल्या विषयाला प्रश्न अनुरूप नाही असे परीक्षकाला वाटले, तर फोकसच्या निकषात सहापैकी चारांहून अधिक गुण देताच येत नाहीत. इतिहासाला आणखी एक कुंपण आहे: गेल्या दहा वर्षांतल्या घटना चालत नाहीत. १९८२ ला ती अडचण नाही, पण याच मुलीने गिरण्यांच्या जमिनींवर आज उभ्या राहणाऱ्या टॉवरांवर लिहायचे म्हटले असते, तर तिला विषय तरी बदलावा लागला असता किंवा काळ तरी.

फोकसच्या निकषात पद्धतही मोजली जाते, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रश्न कितीही नेमका असला, तरी त्याचे उत्तर कोणत्या साधनांतून काढणार आणि तीच साधने का निवडली, हे निबंधात दिसले पाहिजे. 'मी प्राथमिक आणि दुय्यम साधने वापरली' हे वाक्य हजारो निबंधांत असते आणि त्याचा उपयोग शून्य. आमच्या उदाहरणातल्या मुलीने त्याऐवजी तीन प्रकारच्या साधनांची कामे वाटून दिली: उत्पादन खरोखर बाहेर सरकले का, हे सरकारी वार्षिक आकडेवारीतून, मालकांना त्याची जाणीव होती का, हे त्या काळच्या वृत्तपत्रांतल्या मालकांच्या निवेदनांतून आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतून, आणि कामगारांना ते कसे दिसले, हे निवृत्त कामगारांच्या मुलाखतींतून. प्रत्येक साधन प्रश्नाच्या वेगळ्या भागाला उत्तर देते. परीक्षकाला पद्धत 'पूर्ण' वाटते ती अशा ठिकाणी.

गुंतवणूक म्हणजे जिव्हाळा नव्हे

'माझे आजोबा गिरणीत होते, म्हणून हा विषय माझ्या काळजाजवळचा आहे.' या मुलीने फॉर्मची सुरुवात अशी केली होती. वाक्य खरे आहे, पण त्याला गुण नाहीत. विषय का निवडला याचे ते कारण झाले, आणि कारण कितीही हृद्य असले तरी त्यातून संशोधक म्हणून तिने काय केले ते कळत नाही. माझ्या मते अशा निबंधांत घरचा संबंध हा फायद्यापेक्षा धोकाच अधिक असतो, कारण निष्कर्ष आधीच घरात ठरलेला असतो. आजोबांनी लहानपणापासून सांगितलेली गोष्ट सिद्ध करायलाच मुलगी निघते, आणि मग पुरावा त्या गोष्टीच्या मापाने कापला जातो.

निकषाच्या भाषेत गुंतवणूक म्हणजे अडचण आल्यावर विद्यार्थ्याने केलेला विचार आणि घेतलेले निर्णय. सर्वांत खालच्या पातळीवर, म्हणजे १-२ गुणांच्या पट्ट्यात, फॉर्मातल्या नोंदी वर्णनात्मक असतात: काय केले एवढेच कळते. ३-४ च्या पट्ट्यात त्या विश्लेषक होतात: एखादी गोष्ट का केली आणि त्यातून विषयाची समज किंवा संशोधनाचे कौशल्य कसे बदलले हे कळते. ५-६ च्या पट्ट्यात त्या मूल्यमापन करतात: आपल्याच निर्णयांकडे विद्यार्थी तटस्थपणे पाहतो, कुठे अडले, कोणते पर्याय होते, निवडलेला पर्याय कितपत योग्य ठरला, हे सांगतो.

उदाहरणातल्या मुलीला दोन अडचणी आल्या, आणि तिच्या गुंतवणुकीचा पुरावा या दोन अडचणींतच आहे. पहिली अडचण आकड्यांची. तिला जी सरकारी आकडेवारी मिळाली ती संपूर्ण देशाची आणि वर्षावारी होती. प्रश्न मात्र एका शहराच्या संपाचा आणि काही महिन्यांचा होता. देशभरातले यंत्रमागांचे उत्पादन वाढले म्हणून ते मुंबईच्या संपामुळेच वाढले असे म्हणता येत नाही, विशेषतः यंत्रमागांची वाढ संपाच्या आधीच सुरू झालेली असताना. इथे तिच्यापुढे तीन वाटा होत्या: आकडे तसेच वापरून मोकळे व्हायचे, आकडे टाकून द्यायचे, किंवा त्यांच्याकडून मर्यादितच साक्ष घ्यायची. तिने तिसरी वाट घेतली. संपाच्या आधीच्या काही वर्षांचा कल काढून संपाच्या वर्षात त्यापासून किती फरक पडला एवढेच तिने पाहिले, आणि तो फरक मुंबईमुळे पडला याची साक्ष मात्र मालकांच्या निवेदनांतून मागितली.

दुसरी अडचण अधिक मोलाची ठरली. एका निवृत्त कामगाराने मुलाखतीत सांगितले की संपाच्या काळात घर चालवण्यासाठी तो स्वतःच भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेला होता. मुलीचा आराखडा असा होता की यंत्रमागांनी संप मोडला. आता समोर असे चित्र आले की ज्या यंत्रमागांनी मालकांना तग धरू दिला, त्यांनीच काही संपकऱ्यांनाही तग धरू दिला. यामुळे तिचे उत्तर 'मोठ्या प्रमाणात' या ठाम शब्दांवरून खाली उतरले आणि निबंधात एक नवा भाग आला. कोणत्याही परीक्षकाला हेच पाहायचे असते: पुराव्याने विद्यार्थ्याला हलवले आणि विद्यार्थ्याने ते कागदावर मान्य केले.

ज्या शाळेतल्या मुलांना मोठी अभिलेखागारे, ओळखीचे प्राध्यापक, परदेशी ग्रंथालये उपलब्ध आहेत, त्यांनाच हा निकष साधतो असेही समजू नये. साधने किती मोठी मिळाली याला इथे गुण नाहीत. एखाद्या संग्रहालयाने परवानगी नाकारली आणि विद्यार्थ्याने त्यामुळे आपला प्रश्न कसा बदलला हे नीट सांगितले, तर ती नोंद सहज मिळालेल्या दहा दुर्मिळ कागदांपेक्षा अधिक गुण मिळवून देऊ शकते.

नोंद कशी असावी, आणि ती नंतर लिहिलेली कशी ओळखू येते

विद्यार्थ्याने संशोधनाच्या काळात एक नोंदवही ठेवावी अशी शिफारस असते. तिला 'रिसर्चर्स रिफ्लेक्शन स्पेस' असे नाव आहे; वही असो वा संगणकावरची फाईल. ही वही परीक्षकाकडे जात नाही आणि तिला गुणही नाहीत. म्हणूनच ती बहुतेकांकडे नसते. पण फॉर्मातले ५०० शब्द तिच्यातूनच यायचे असतात. हा फॉर्म मार्गदर्शकाबरोबरच्या तीन बैठकांनंतर भरायचा असतो: सुरुवातीची, मधली आणि शेवटची व्हायवा, म्हणजे तोंडी मुलाखत. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि मार्गदर्शकाची आद्याक्षरे असतात. तीन नोंदींत ५०० शब्द वाटले, तर एका नोंदीच्या वाट्याला दीडशेच्या आसपास शब्द येतात. सात-आठ महिन्यांच्या कामातून दीडशे शब्दांत काय सांगावे, हे आठवणीवर सोडले तर फक्त ढोबळ गोष्टी आठवतात.

वहीतली नोंद लांबलचक असण्याची गरज नसते. तारीख, काय शोधत होतो, काय सापडले, त्यामुळे काय ठरवले आणि का, एवढे पुरते. आमच्या विद्यार्थिनीच्या वहीतली एक नोंद अशी असू शकते: 'वार्षिक तक्ते पाहिले. मुंबईचे वेगळे आकडे नाहीत, सगळे देशाचे. १९८२ चा आकडा एकटा घेतला तर माझे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे दिसते, पण १९७८ पासून ओळीने पाहिले तर वाढ आधीपासूनच आहे. आकडे मुख्य पुरावा म्हणून वापरणार नाही. मालकांची निवेदने वृत्तपत्रांत शोधायची.' या चार-पाच वाक्यांत शोध, निष्फळता, मोह, निर्णय आणि पुढचे पाऊल सगळे आले आहे. मधल्या बैठकीनंतर फॉर्म भरताना तिला फक्त ही नोंद उघडायची आहे.

आता याच टप्प्यावरची कमकुवत नोंद पाहा: 'मला माहिती गोळा करताना अनेक अडचणी आल्या, परंतु मी चिकाटी सोडली नाही. मी वेगवेगळी साधने वाचली आणि त्यातून माझे संशोधन कौशल्य सुधारले. वेळेचे नियोजन अधिक चांगले करायला हवे होते.' यातले एकही वाक्य खोटे नसेल. पण हीच नोंद उचलून शेजारच्या मुलाच्या, समजा पेशींवरच्या जीवशास्त्राच्या निबंधाला चिकटवली तरी चालेल, आणि तिथे ती चालते एवढ्यावरूनच तिची किंमत कळते. कोणत्या अडचणी? कोणते साधन? कोणते कौशल्य, आणि ते आधी कसे होते?

सगळ्या नोंदी शेवटच्या आठवड्यात बसून लिहिल्या गेल्या असतील, तर तेही बहुधा लक्षात येते. पहिल्याच नोंदीत अंतिम प्रश्न शब्दशः आलेला असतो, जणू तो पहिल्या दिवसापासून तसाच होता. कुठेही वाट चुकलेली नसते. तिन्ही नोंदींचा सूर एकच असतो, आणि तो मागे वळून पाहणाऱ्याचा असतो. पहिल्या नोंदीत असायला हवी ती अनिश्चितता तिच्यात नसते. कधीकधी निबंध आणि फॉर्म एकमेकांशी जुळतच नाहीत: फॉर्म म्हणतो की मुलाखतींमुळे माझा दृष्टिकोन बदलला, आणि निबंधात मुलाखतींना एक तळटीप मिळालेली असते. फॉर्म निबंधाच्या संदर्भातच वाचला जात असल्यामुळे ही विसंगती परीक्षकाच्या नजरेत येते.

एक तांत्रिक बाब इथेच सांगून टाकतो. वरची उदाहरणे मराठीत दिली असली, तरी फॉर्म निबंधाच्याच भाषेत भरायचा असतो. तो दुसऱ्या भाषेत असला, कोरा असला किंवा पाठवलाच नाही, तर गुंतवणुकीचे सहाच्या सहा गुण जातात. वैयक्तिक तपशिलांबद्दलही सावधगिरी हवी: मुलाखत दिलेल्या कामगाराची संमती घेतलेली असावी आणि त्याची इच्छा नसेल तर त्याचे नाव निबंधातही नको आणि फॉर्मातही नको.

गुण देऊन पाहू

तर या निबंधाला मी काय गुण देईन? फोकस आणि पद्धत या निकषात प्रश्न स्पष्ट आणि नेमका आहे, साधनांची निवड प्रश्नाला धरून आहे आणि ती का केली हे सांगितले आहे. समजा, 'फसणे' म्हणजे काय ते प्रस्तावनेत न सांगता निबंधाच्या मध्यावर सांगितले आहे, आणि एक पूर्ण पान कापड-धोरणाच्या तपशिलात गेले आहे, जे प्रश्नाला थेट लागू नाही. मग मी ५ देईन. सहावा गुण देण्यासाठी निबंधातला प्रत्येक भाग प्रश्नाकडे तोंड करून असायला हवा. पट्टे ठरवताना 'सर्वांत जवळचा' पट्टा निवडायचा असतो. एक त्रुटी दिसली म्हणून निबंध खालच्या पट्ट्यात ढकलायचा नसतो.

गुंतवणुकीच्या निकषात तिची पहिली नोंद आजोबांवर आणि विषयाच्या आवडीवर खर्च झाली आहे; ती वर्णनात्मक आहे. दुसरी नोंद आकडेवारीच्या अडचणीची, ती विश्लेषक आहे. तिसऱ्या नोंदीत भिवंडीला गेलेल्या कामगाराची साक्ष आली आहे, आणि तिच्यामुळे उत्तर कसे सौम्य करावे लागले ते आले आहे. त्यापुढे तिने एक वाक्य लिहिले आहे: 'तीनच मुलाखती घेतल्या आणि तिन्ही माणसे आजोबांच्या ओळखीची होती, त्यामुळे जे लवकर कामावर परतले त्यांचा आवाज माझ्या निबंधात नाही.' या एका वाक्यासाठी मी तिला वरच्या पट्ट्यात नेईन, कारण इथे ती स्वतःच्या निवडीचे मूल्यमापन करते आहे आणि त्या निवडीने निष्कर्षावर काय सावट आणले हे तिला कळले आहे. हे गुण एकेका नोंदीला तुटकपणे दिले जात नाहीत. तिन्ही मिळून कोणती पातळी गाठतात हे पाहायचे असते. मी ५ देईन. दुसरा परीक्षक पहिल्या नोंदीवर अधिक नाराज होऊन ४ देऊ शकतो, आणि त्यावर वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

उलट, याच मुलीने ४२०० शब्द लिहिले असते, तर ४००० शब्दांपुढे परीक्षकाने वाचलेच नसते. इतिहासाच्या निबंधात शेवटचे दोनशे शब्द म्हणजे निष्कर्ष. भिवंडीच्या साक्षीने बदललेले उत्तर परीक्षकापर्यंत पोहोचलेच नसते.

२०२७ पासूनचा बदल

२०२७ च्या परीक्षेपासून निकष बदलत आहेत. एकूण गुण ३४ ऐवजी ३० होतील. 'फोकस आणि पद्धत' याची जागा निबंधाच्या चौकटीचा निकष घेईल. त्याला पूर्वीप्रमाणेच ६ गुण आहेत, आणि प्रश्न, पद्धत व रचना हे तिथेही पाहिले जाईल. गुंतवणुकीचा निकष मात्र 'रिफ्लेक्शन' म्हणून येईल आणि त्याला ४ गुण असतील. तीन बैठका राहतील, पण तीन वेगवेगळ्या नोंदींऐवजी शेवटी एकच, जास्तीत जास्त ५०० शब्दांचे निवेदन लिहायचे असेल, ज्यात या कामाचा शिकणारी व्यक्ती म्हणून आपल्यावर काय परिणाम झाला ते सांगायचे आहे.

काही शाळांमध्ये यामुळे कागदपत्रे कमी झाल्याचा आनंद दिसतो. मला तो अकाली वाटतो. जुन्या पद्धतीत पहिली नोंद त्या त्या वेळी तारखेसह भरावी लागत असल्याने, वही नसली तरी सुरुवातीच्या अनिश्चिततेचा निदान एक कागद शिल्लक राहत असे. नव्या पद्धतीत सगळे शेवटी लिहायचे आहे, आणि तोवर प्रश्नाची पहिली दोन रूपे विसरलेली असतील. ज्या मुलांकडे तारीखवार वही नाही, त्यांचे निवेदन 'मी अधिक जबाबदार आणि स्वतंत्र विचार करणारा झालो' अशा वाक्यांनी भरेल. ज्यांच्याकडे ती आहे, त्यांना आपला १९७८ पासूनचा तक्ता आणि त्या दिवशीचा निर्णय समोर ठेवून लिहिता येईल.

मार्गदर्शकाला इथे फार काही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तो निबंधाच्या एकाच पूर्ण मसुद्यावर अभिप्राय देऊ शकतो. वाक्ये दुरुस्त करणे त्याचे काम नाही. पण वीस-तीस मिनिटांच्या व्हायवामध्ये तो नेमके प्रश्न विचारू शकतो. 'तुझ्या पहिल्या प्रश्नात काय अडलं, सांग बरं,' किंवा 'ही तीनच माणसं का निवडलीस?' अशा प्रश्नांवर मुलगी गप्प झाली आणि मग वही काढून पाने उलटू लागली, तर तिला लिहायला काय मिळणार आहे ते दोघांनाही तिथेच कळते. वही नसेल, तर मार्गदर्शकाने तिला निबंधाचा जुना मसुदा आणि ताजा मसुदा शेजारी ठेवून, कोणता परिच्छेद कधी आणि कशामुळे बदलला हे समासात लिहायला सांगावे. त्यातून सगळे परत मिळत नाही, पण निदान जे लिहिले जाते ते तिच्याच निबंधाविषयी असते.